लग्नानंतर राजपत्रातून नावबदल (महाराष्ट्र): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजपत्र म्हणजे गॅझेट, सरकारी सूचना जिथे छापून येतात ते सरकारी प्रकाशन. ही माहिती महाराष्ट्रातल्या बाईसाठी आहे, त्यातही जिचं लग्नानंतर आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदललं आहे तिच्यासाठी. फक्त आडनाव बदलणाऱ्यांचं काम बरंच सोपं असतं, त्याचं उत्तर खालच्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं आहे का?

नाही. असा कोणताही कायदा नाही. माहेरचं नाव जन्मभर तसंच ठेवता येतं आणि तरीही नवऱ्याच्या मालमत्तेत, विम्यात, पेन्शनमध्ये वारस किंवा नॉमिनी म्हणून हक्क राहतो. तिथे लग्नाचा पुरावा लागतो, आडनाव सारखं असण्याची गरज नसते. सासरचे लोक "बँकेत लागेल" म्हणून घाई करत असतील, तर बँकेत लागतं ते विवाह नोंदणी प्रमाणपत्र, हे त्यांना सांगा.

फक्त आडनाव आणि मधलं नाव बदललं आहे. मला राजपत्र लागेल का?

बहुतेक वेळा नाही. लग्नामुळे बदललेल्या नावासाठी आधार, पॅन आणि पासपोर्ट या तिन्ही ठिकाणी विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालतं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतच लिहिलं आहे की, ओळखपत्र काढल्यानंतर नाव बदललं असेल तर राज्य सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र, यांपैकी एक सोबत जोडलं की जुनं ओळखपत्रही ग्राह्य धरलं जातं. इथे ‘किंवा’ आहे. काउंटरवरचा माणूस दोन्ही मागत असेल तर हा नियम नम्रपणे दाखवता येतो.

एक मात्र बघा. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेतल्या विवाह निबंधकाचं प्रमाणपत्र हवं. मंगल कार्यालयाची पावती किंवा भटजींनी दिलेला दाखला म्हणजे विवाह नोंदणी नव्हे. नोंदणी राहून गेली असेल तर लग्नाला कितीही वर्षं झाली तरी ती करता येते, उशिराचं शुल्क तेवढं भरावं लागतं. राजपत्राच्या मागे लागण्याआधी हे काम उरका.

मग राजपत्र नेमकं कुणाला लागतं?

जिचं पहिलं नावच बदललं आहे तिला. कारण सरळ आहे. विवाह प्रमाणपत्रावर वधूचं नाव लग्नाआधीचं असतं. ‘वैशाली’ची ‘स्वरा’ झाली, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. तांदळाच्या ताटात अंगठीने कोरलेलं नाव घरच्यांना माहीत असतं, आधार केंद्रावरच्या ऑपरेटरला नसतं. त्याच्यासमोर वैशाली जाधव आणि स्वरा मोरे या दोन वेगळ्या बायका असतात. या दोन नावांची बाई एकच आहे हे एका ओळीत सांगणारा छापील सरकारी कागद म्हणजे राजपत्रातली सूचना.

याशिवाय दोन प्रसंगी राजपत्र उपयोगी पडतं. एक, विवाह प्रमाणपत्रावरचं माहेरचं नाव आणि बाकी कागदांवरचं नाव फारच वेगळं असेल तेव्हा. दुसरं, आधारमधली नावदुरुस्तीची मर्यादा संपली असेल तेव्हा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

राजपत्र म्हणजे सरकारची परवानगी का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. राजपत्रात छापून येते ती तुमचीच घोषणा. सरकार ती प्रसिद्ध करतं, तिची शहानिशा करून शिक्कामोर्तब करत नाही. नावबदलाच्या पानांवर तसा इशाराच छापलेला असतो: सूचनेतल्या मजकुराची आणि तिच्या कायदेशीर परिणामांची जबाबदारी ती देणाऱ्याची. म्हणून एजंटने चुकीचं स्पेलिंग टाकलं तरी कागदोपत्री ती चूक तुमचीच ठरते.

अर्ज कुठे करायचा?

महाराष्ट्र शासनाच्या शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे. याचं मुख्यालय मुंबईत चर्नी रोडला आहे, पण तिथे हेलपाटा मारायची गरज नाही. अर्ज ऑनलाइन होतो. संचालनालयाचं संकेतस्थळ dgps.maharashtra.gov.in हे आहे. नावबदल, जन्मतारीखबदल आणि धर्मबदल या तीन वेगळ्या सेवा आहेत, त्यातली नावबदलाची निवडा. सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये येते आणि हा भाग दर आठवड्याला निघतो.

दिल्लीहून निघणारं भारताचं राजपत्र ही वेगळी गोष्ट आहे. त्याची पद्धतही जास्त किचकट आहे: प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला ठरावीक नमुना, हे सगळं दिल्लीच्या प्रकाशन विभागाकडे जातं. महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईला लग्नानंतरच्या नावासाठी सहसा राज्याचं राजपत्र पुरतं. ‘केंद्राचं काढलं तर जास्त वजन पडतं’ असं सांगून दुप्पट पैसे घेणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

कोणती कागदपत्रं तयार ठेवायची?

तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. तुम्ही कोण आहात, कुठे राहता आणि नाव का बदलताय. पहिल्यासाठी जुन्या नावाचं फोटो असलेलं ओळखपत्र. दुसऱ्यासाठी पत्त्याचा पुरावा. तिसऱ्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र. शिवाय पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सहीची स्कॅन प्रत. मागासवर्गीय सवलतीच्या दराने शुल्क भरायचं असेल तर जातीचा दाखला.

पहिलं नाव बदलत असेल तर नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्रही जोडावं, असं माझं ठाम मत आहे. त्यात तीन वाक्यं हवीत: लग्नाआधी माझं पूर्ण नाव हे होतं, अमुक तारखेला अमुक व्यक्तीशी विवाह झाला, यापुढे मी सर्व कारणांसाठी हे पूर्ण नाव वापरेन. बाकी ‘मी भारताची नागरिक असून’ छापाची पानभर भर टाइपिस्ट घालतोच, तिने काही बिघडत नाही.

वर्तमानपत्रात जाहिरात द्या म्हणून कुणी सांगितलं तर आधी अर्जासोबतची कागदांची यादी वाचा. यादीत नसेल तर आधीच जाहिरातीवर खर्च करू नका.

अर्जात ‘जुनं नाव’ म्हणून काय लिहायचं? माझं नाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे.

सगळ्या कामातली अवघड जागा हीच आहे, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊन नीट पाहू.

समजा, दहावीच्या गुणपत्रकावर ‘जाधव वैशाली दत्तात्रय’ आहे. आधारवर Vaishali Datta Jadhav. पॅनवर Vaishali D Jadhav. विवाह प्रमाणपत्रावर ‘वैशाली दत्तात्रय जाधव’. आणि नवं नाव हवंय स्वरा निखिल मोरे.

पुष्कळ जणी हाताशी असतं म्हणून आधार उघडतात आणि त्यावरचं नाव ‘जुनं नाव’ म्हणून भरतात. राजपत्र छापून येतं: ‘वैशाली दत्ता जाधव’ची ‘स्वरा निखिल मोरे’. आधार बदलून मिळतं आणि सगळे खूश. गाठ पडते ती दोन-तीन वर्षांनी, नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत. टेबलावर पदवी असते वैशाली दत्तात्रय जाधव हिची आणि राजपत्र असतं वैशाली दत्ता जाधव हिचं. पडताळणी करणारा म्हणतो, हिचा आणि या पदवीचा संबंध काय?

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. जे कागद पुढे कधीच बदलणार नाहीत त्यांच्यावरचं नाव हे खरं ‘जुनं नाव’. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, जातीचा दाखला हे लग्नानंतर नव्या नावाने निघत नाहीत. आधार, पॅन, पासपोर्ट, बँक हे बदलता येतात. तेव्हा या उदाहरणात जुनं नाव ‘वैशाली दत्तात्रय जाधव’ असंच जायला हवं.

मग आधारवरच्या ‘दत्ता’चं काय? आधी आधार दुरुस्त करून घ्यावं असं वाटतं, पण थांबा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एक संधी ‘दत्तात्रय’वर खर्च केली आणि दुसरी ‘स्वरा मोरे’वर, की पुढे काही झालं तर हात रिकामे. त्यापेक्षा दोन्ही रूपं कागदावर आणलेली बरी. प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा की वैशाली दत्तात्रय जाधव आणि वैशाली दत्ता जाधव या नावांची व्यक्ती मी एकच आहे. राजपत्राच्या सूचनेतही जुन्या नावात ‘उर्फ’ घालून दोन्ही रूपं देण्याचा रिवाज आहे. ‘D’ हे नुसतं आद्याक्षर असल्याने ते वेगळं द्यायची गरज नाही.

आणि नवं नाव कसं लिहायचं?

पूर्ण, तिन्ही भागांत, आद्याक्षरांशिवाय. पॅनमध्ये आडनावाच्या जागी आद्याक्षर चालतच नाही.

स्पेलिंग ठरवताना नवऱ्याचं आधार समोर ठेवा. त्याचं More असेल तर तुमचंही More हवं, Moray नको. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण उद्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची आडनावं वेगळ्या स्पेलिंगने येतात आणि मग तिथून पुढचा फेरा सुरू होतो. सूचना इंग्रजीतून दिलेली बरी, कारण पॅन आणि पासपोर्टवर शेवटी इंग्रजी अक्षरंच जुळवून बघतात.

दोन्ही आडनावं ठेवायची असतील, म्हणजे ‘स्वरा जाधव मोरे’, तर मध्ये जोडरेघ घालू नका. प्रत्येक ऑनलाइन अर्ज ती रेघ घेतोच असं नाही, एका ठिकाणी गळते आणि दुसरीकडे राहते. मोकळी जागा सोडा.

अर्ज भरल्यावर काय होतं?

अर्जाची तपासणी होते, त्रुटी असेल तर अर्ज परत येतो, नाहीतर मजकूर छपाईला जातो. परत येण्याची कारणं ठरलेली असतात: स्कॅन वाचता न येणं, ओळखपत्रावरचं जुनं नाव आणि अर्जातलं जुनं नाव न जुळणं, सही चौकटीबाहेर जाणं. त्यातलं दुसरं कारण वरच्या उदाहरणात आलंच, प्रतिज्ञापत्र जोडलेलं असेल तर त्याचा खुलासा तिथेच होतो.

पैसे भरण्याआधी शेवटची स्क्रीन येते तेव्हा घाई करू नका. दुसऱ्या कुणालातरी ती नावं एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावा. स्वतःचं नाव स्वतः वाचताना डोळा चूक गाळतो.

राजपत्राची प्रत कशी मिळते?

संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घ्यायची. घरी पोस्टाने काही येईल म्हणून वाट बघू नका. छापताना फक्त तुमच्या नावाचं पान छापू नका. ज्या पानावर ‘महाराष्ट्र शासन राजपत्र’, भाग आणि तारीख आहे तेही सोबत हवं, नाहीतर तो नुसता नावांच्या यादीचा कागद दिसतो. मूळ पीडीएफ ईमेलमध्ये ठेवा. पुढची कितीतरी वर्षं ती लागते आणि लॅमिनेट केलेल्या प्रिंटचा स्कॅन नेमका तेव्हाच चकाकतो.

एजंटने दिलेली प्रत खरी आहे हे कसं ओळखायचं?

त्या प्रतीवरच्या तारखेचा अंक संकेतस्थळावर स्वतः उघडा आणि त्यात तुमची सूचना शोधा. तिथे सापडली तर खरी. नाही सापडली तर एजंटच्या हातातली प्रत कितीही सुबक असली तरी तिला अर्थ नाही.

छापून आल्यावर चूक दिसली तर?

आधी तुमच्या अर्जाची पोच काढा. अर्जात बरोबर आणि छापील पानावर चूक असेल तर पोच जोडून संचालनालयाकडे दुरुस्ती मागा. चूक अर्जातच असेल तर नव्याने सूचना द्यावी लागते, शुल्कासकट. चुकीच्या प्रतीवर आधार बदलून घ्यायचा मोह टाळा. तिथून ती चूक पॅनमध्ये जाते, पॅनमधून बँकेत, आणि मग ती निस्तरायला एकाऐवजी चार कार्यालयं लागतात.

राजपत्र हातात आलं. आता आधी काय बदलायचं?

आधार, मग पॅन, मग बँक. पासपोर्ट तुमच्या प्रवासाप्रमाणे.

आधारसाठी केंद्रावर जाताना राजपत्र आणि जुन्या नावाचं एक ओळखपत्र दोन्ही न्या. नुसतं राजपत्र नेलं तर परत पाठवतात, कारण संपूर्ण नाव बदलताना जुन्या नावाचा पुरावाही लागतो. आणि पावती हातात घेऊन तिथेच वाचा. नवीन नाव ऑपरेटर टाइप करतो, तुम्ही नाही.

पॅनच्या दुरुस्ती अर्जात एक जागा हमखास चुकते. तिथे ‘वडिलांचं नाव’ असा रकाना असतो. लग्नानंतरही तिथे वडिलांचंच नाव राहतं, नवऱ्याचं जात नाही. वर स्वतःच्या नावात मधलं नाव ‘निखिल’ आणि खाली वडील ‘दत्तात्रय जाधव’ हे विचित्र दिसतं खरं, पण बरोबर तेच आहे.

पासपोर्टमध्ये नावाचे दोनच भाग असतात. ‘स्वरा निखिल’ एका रकान्यात जातं आणि ‘मोरे’ आडनावाच्या. पुढच्या काही महिन्यांत परदेशप्रवास असेल आणि तिकीट किंवा व्हिसा जुन्या नावाने निघाला असेल, तर पासपोर्टला परत आल्यावरच हात लावा.

मधल्या काळात दोन नावं चालतात का?

चालवावीच लागतात, पण पैशाच्या व्यवहारात सांभाळून. आयकराचा परतावा ज्या खात्यात यायचा त्या खात्यावरचं नाव पॅनशी जुळावं लागतं. पॅन ‘स्वरा’ झालं आणि खातं ‘वैशाली’च राहिलं तर खात्याची पडताळणी अडते आणि परतावा लटकतो. त्यामुळे विवरणपत्र भरायच्या तोंडावर असाल तर आधी ते भरून परतावा येऊ द्या, मग पॅन बदला. नोकरी असेल तर भविष्यनिर्वाह निधीतलं नाव आधारशी जुळायला हवं. ते पुष्कळदा मालकाच्या मार्फत संयुक्त घोषणापत्राने बदलावं लागतं, म्हणून आधार बदलल्याबरोबर ऑफिसात कळवा. राजीनामा दिल्यावर जुन्या कंपनीकडून हे काम करून घेणं जिकिरीचं होतं.

मतदार यादी, रेशनकार्ड, सातबारा?

मतदार यादीसाठी फॉर्म ८. रेशनकार्डावर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणि सासरच्या कार्डात भर. सातबाऱ्यावर माहेरच्या जमिनीत जुन्या नावाने हिस्सा असेल तर नाव बदललं म्हणून तो कुठे जात नाही. फेरफारासाठी तलाठ्याकडे राजपत्राची प्रत देऊन अर्ज करा, पण भावंडांत वाटणीचा विषय चालू असेल तर आधी वकिलाला विचारा.

जातीचा दाखला आणि जातवैधता नव्या नावाने काढावी लागेल का?

जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. त्यामुळे दाखला आणि वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावाचंच वापरायचं आणि सोबत विवाह प्रमाणपत्र व राजपत्र जोडायचं. म्हणूनच राजपत्रातलं ‘जुनं नाव’ या दाखल्यावरच्या नावाशी जुळणं महत्त्वाचं.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. मलाही हेच सगळं?

लग्नामुळे फक्त आडनाव बदलत असेल तर नाही. महिला कर्मचाऱ्याने लग्नाची माहिती आणि पतीचा तपशील देऊन नियुक्ती अधिकाऱ्याला आडनाव बदलण्याची लेखी विनंती केली की सेवापुस्तकात नोंद होते. मात्र पहिलं नाव बदलायचं असेल तर आधी तुमच्या आस्थापना शाखेला विचारा. तिथे भारताच्या राजपत्राची पद्धत लागू होते आणि राज्याचं राजपत्र काढून दिलं तर शुल्क वाया जाण्याची शक्यता असते.

घटस्फोट झाला आणि पुन्हा माहेरचं नाव घ्यायचं आहे. आधीचं राजपत्र रद्द करता येतं का?

रद्द असं काही नसतं. यावेळी ‘स्वरा निखिल मोरे’ हे जुनं नाव आणि ‘वैशाली दत्तात्रय जाधव’ हे नवं, अशी दुसरी सूचना द्यायची, कारण म्हणून न्यायालयाचा हुकूमनामा जोडायचा. पुढे दोन्ही राजपत्रं एकत्र दाखवावी लागतात, तेव्हा पहिलं टाकून देऊ नका. आधारची दोनाची मर्यादा संपली असेल तर केंद्रावर काम होत नाही, राजपत्रासह आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे विनंती करावी लागते.

नवऱ्याला माझं आडनाव घ्यायचं असेल तर?

अर्ज तोच, सेवा तीच. त्याच्या बाबतीत विवाह प्रमाणपत्रावर भागेल या आशेवर राहू नये, सरळ राजपत्र काढावं.